फोन लागत नाही तेव्हा घरचे एकमेकांना कसे सापडतील? चिपळूणच्या पुरानंतर आम्ही केलेला आराखडा

२२ जुलै २०२१ च्या पहाटे वाशिष्ठी आणि शिवनदीचं पाणी चिपळूणमध्ये शिरलं, तेव्हा मी पुण्यात होतो. आईचा फोन आला, "पाणी ओट्याला लागलंय, मी आणि आजी वर शेजाऱ्यांकडे जातोय. बाबा माल वर चढवायला दुकानात गेलेत." त्यानंतर बाबांचा फोन लागलाच नाही. आईचा लागत होता, पण दुपार व्हायच्या आत तोही बंद झाला. बंद का झाला ते नंतर कळलं. मी, काका, दोन्ही आत्या, मामा आणि बाबांचे मित्र असे सगळे तिला एकसारखे फोन करत होतो. प्रत्येकाला तेच सांगता सांगता तिची बॅटरी संपली, आणि वीज तर रात्रीच गेली होती.

बाबा बाजारपेठेतल्याच एका इमारतीच्या गच्चीवर होते. आई आणि ते एक किलोमीटरच्या आत होते, पण दीड दिवस दोघांनाही एकमेकांचा पत्ता नव्हता. शेवटी बाबांनी गच्चीवरच्या एका अनोळखी माणसाचा फोन मागून घेतला. स्वतःचा भिजून बंद पडला होता. त्यांना तोंडपाठ असलेला एकच नंबर होता, नागपूरच्या मावशीच्या घरचा, वीस वर्षांत न बदललेला. तो लागला. मावशीने मला कळवलं, आणि आईचा फोन शेजाऱ्यांच्या गाडीत थोडा चार्ज झाल्यावर तिला मेसेजही मावशीचाच पोचला.

हे सगळं योगायोगाने जुळून आलं. पुढच्या वर्षी पावसाळ्याआधी आम्ही तेच ठरवून, कागदावर लिहून ठेवलं. हा लेख त्या कागदाबद्दल आहे. उदाहरणं पुराची आणि चिपळूणची आहेत, कारण तेच मी जवळून पाहिलंय. तुमचं गाव वेगळं असेल तर जागा बदलतील, पद्धत हीच राहील.

आधी समजून घ्या: फोन "लागत नाही" म्हणजे नेमकं काय

फोन न लागण्याची कारणं वेगवेगळी असतात आणि प्रत्येक वेळी करायचं वेगळं असतं, म्हणून हे दोन परिच्छेद आधी वाचा.

पडद्यावर रेंजच्या दांड्या दिसतायत पण कॉल जोडला जात नाही, किंवा लगेच तुटतो, तर टॉवर जिवंत आहे. त्याच्यावर गर्दी झाली आहे. एका टॉवरला एका वेळी ठराविकच कॉल पेलवतात, आणि संकटात अख्खं गाव एकदम फोन करतं. अशा वेळी साधा एसएमएस बऱ्याचदा जातो. त्याला जागा फार थोडी लागते, आणि समोरचा फोन बंद असला तर कंपनीकडे तो काही काळ थांबून राहतो व फोन सुरू झाला की पोचतो. कॉलला ही सोय नाही. व्हॉट्सअ‍ॅपला इंटरनेट लागतं, त्यामुळे गर्दीत ते एसएमएसच्या आधी अडकतं. मेसेजवर एकच टिक राहिली तर तो पोचलेला नाही असंच धरा.

पडद्यावर "नेटवर्क नाही" आलं तर टॉवर मेला आहे किंवा मागची केबल तुटली आहे. वीज गेल्यावर टॉवर बॅटरीवर चालतो आणि ती काही तासांची असते. पुढे डिझेल जनित्र असलं, तरी रस्ते पाण्याखाली असताना त्यात डिझेल घालायला कोण जाणार? म्हणून पुरात बहुतेक वेळा असं होतं की पहिले काही तास फोन कसाबसा चालतो आणि मग पूर्ण बंद पडतो. ते पहिले तास वाया घालवू नका. "फक्त आणीबाणी कॉल" असं दिसत असेल तर तुमच्या कंपनीचा टॉवर गेलाय पण दुसऱ्या कुणाचा तरी चालू आहे. तेव्हा ११२ लागू शकतो, घरचा नंबर लागणार नाही. मोठ्या संकटात सरकार कंपन्यांना एकमेकांचे टॉवर वापरू द्यायला सांगतं, त्यामुळे फोनच्या सेटिंगमध्ये नेटवर्कची निवड "आपोआप" वर असू द्या.

घरात सगळ्यांची सिमकार्डं एकाच कंपनीची असतील तर एक तरी बदलून घ्या. कपाटातला जुना बटणांचा फोन चालू स्थितीत असेल तर सोन्यासारखा जपा, त्याची बॅटरी दिवसेंदिवस टिकते.

पहिली पायरी: लांबचा माणूस ठरवा

बाबा गच्चीवरून आईला फोन लावत होते तेव्हा कॉलची दोन्ही टोकं त्याच बुडालेल्या गावात होती. दोन्ही जागी एकाच वेळी नेटवर्क आणि बॅटरी असायला हवी होती. नागपूरला लावला तेव्हा फक्त एकच टोक अडचणीत होतं. शिवाय नागपूरचा माणूस घरात आहे, त्याच्याकडे वीज आहे, तो उद्याही फोन उचलणार आहे. लांबचा माणूस ठरवण्यामागचं कारण एवढंच आहे. घरच्यांनी एकमेकांना शोधायचं नाही. प्रत्येकाने त्या एकालाच कळवायचं आणि बाकीच्यांची खबर त्याच्याकडूनच घ्यायची.

हा माणूस किती लांब असावा? तुमच्यावरचं संकट त्याच वेळी त्याच्याही दारात असणार नाही, इतका. चिपळूणच्या माणसाला कोल्हापूरचा नातेवाईक लांबचा वाटतो, मध्ये सह्याद्री आहे. पण जुलै २०२१ च्या त्याच दिवसांत कोल्हापुरात पंचगंगेला पूर होता आणि महाडला सावित्रीला. मुंबईवरही भरवसा ठेवता येत नाही, कोकणात अतिवृष्टी असते तेव्हा ती बहुधा तिथेही कोसळत असते. नागपूर, अमरावती, नांदेड, इंदूर, हैदराबाद चालेल. परदेशातला भाऊ पहिल्या नंबरावर नको. अनोळखी माणसाच्या प्रीपेड फोनवरून परदेशात कॉल बहुधा लागतच नाही, आणि आपल्या दुपारी तो झोपलेला असू शकतो. दुसऱ्या नंबरावर चालेल.

मला स्वतःला राज्यातला माणूस बरा वाटतो. ११२ ही सेवा राज्यवार चालते, तुमच्यासाठी मदत मागायला त्याने हैदराबादहून फिरवला तर तो साधारण तिथल्याच पोलिसांकडे जाईल.

स्वभाव अंतराइतकाच बघा. अनोळखी नंबर न उचलणारा माणूस या कामाला निरुपयोगी आहे, कारण तुमचा फोन बहुधा परक्याच्याच नंबरावरून जाणार आहे. ऐकलेलं लिहून घेण्याची सवय हवी आणि रडारड न करता प्रश्न विचारता यायला हवेत. आमच्या मावशी निवृत्त शिक्षिका आहेत, हजेरीपट घेतल्यासारख्या विचारतात, "कोण बोलतंय? कुठे आहेस? बरोबर कोण? लागलंय का? पुन्हा कधी फोन करशील?" यापेक्षा जास्त काही लागत नाही.

त्यांना नीट विचारून हे काम द्या. तोंडी "काही झालं तर तुम्हाला कळवू हं" पुरेसं नाही. घरातल्या प्रत्येकाचं नाव, वय, नंबर, औषधं आणि भेटीच्या जागा लिहिलेला कागद त्यांच्याकडेही असू द्या. त्या गावाला गेल्या तर काय, म्हणून बदली माणूस ठरवा, शक्यतो वेगळ्या शहरातला.

दुसरी पायरी: नंबर पाठ करा, मग कागदावर उतरवा

स्वतःचा सोडून दुसऱ्या कुणाचा नंबर तुम्हाला येतो का? आत्ता, फोन न बघता म्हणून पाहा. आमच्या घरात पाच जणांपैकी फक्त बाबांना आला, तोही जुना म्हणून.

लांबच्या माणसाचा एकच नंबर घरातल्या प्रत्येकाने पाठ करायचा. सगळ्यांचे करायला गेलात तर एकही राहत नाही. लहान मुलांना तो पाढ्यासारखा चालीवर म्हणायला लावा. माझ्या सहा वर्षांच्या पुतणीला दोन आठवडे लागले, पण आता झोपेतून उठवलं तरी म्हणते.

पाठ असला तरी घाबरलेल्या माणसाला ऐन वेळी दोन आकडे उलटसुलट होतात. म्हणून खिशात मावेल असं कार्ड करा आणि प्लास्टिकमध्ये बंद करून घ्या, झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेट करून मिळतं. कार्डावर वरच्या ओळीत लांबच्या माणसाचा नंबर, खाली बदलीचा, मग भेटीच्या तीन जागा आणि फोन सुरू करायच्या वेळा. मागच्या बाजूला त्या व्यक्तीचं नाव, रक्तगट, रोजचं औषध. कार्ड पाकिटात, दप्तराच्या आतल्या कप्प्यात, आजीच्या बटव्यात ठेवा. फोनच्या कव्हरमध्येही एक असू द्या, पण तेवढंच नको, कारण फोन हरवला की तेही जातं.

तिसरी पायरी: भेटीच्या जागा, आणि तिथे केव्हा जायचं नाही

बहुतेक घरांची चूक इथेच होते. "काही झालं तर मारुतीच्या देवळात भेटू" असं ठरतं, आणि देऊळ नदीकाठी असतं.

तीन जागा ठरवा. पहिली घरासमोरची, आग लागली किंवा भूकंप झाला तर अंगणाबाहेर लगेच जमायची. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप पहाटे चारच्या सुमारास झाला. अशा वेळी अंधारात, अर्धवट झोपेत पाय आपोआप वळतील अशीच खूण हवी. विजेच्या तारा आणि पडीक भिंत यांच्यापासून लांब असलेलं समोरचं झाड किंवा चौकातला हापसा. दुसरी जागा वाडीतली किंवा गावातली, घराकडे जाता येत नाही तेव्हासाठी. तिसरी गावाबाहेरची, गावातच थांबता येत नाही तेव्हासाठी.

दुसऱ्या आणि तिसऱ्या जागेला तीन प्रश्न लावून पाहा.

ती पाण्याच्या वर आहे का? पाटबंधारे खात्याने बऱ्याच नद्यांना पूररेषा आखल्या आहेत. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. नगरपालिकेत नकाशा बघायला मिळतो. जागा लाल रेषेच्याही बाहेर हवी. नकाशा मिळाला नाही तर भिंतींवरच्या जुन्या खुणा बघा, म्हाताऱ्यांना विचारा. चिपळूणमध्ये २००५ चं पाणी कुठवर आलं ते सगळ्यांना माहीत होतं आणि बरेच जण त्याच हिशेबाने निर्धास्त राहिले. २०२१ चं पाणी अनेक ठिकाणी त्याच्याही वर गेलं. म्हणून आठवणीतल्या सर्वात वरच्या खुणेपेक्षा निदान एक मजला वरची जागा धरा.

मध्ये नदी, ओढा किंवा पूल येतो का? परशुराम उंचावर आहे, देवस्थान आहे, मोठं आवार आहे, म्हणून आम्ही तिसरी जागा तीच म्हणत होतो. पण चिपळूण शहरातून तिथे जायचं तर वाशिष्ठी ओलांडावी लागते आणि पुढे दरडी कोसळणारा घाट आहे. ज्या दिवशी गरज पडेल, त्याच दिवशी तिथे जाता येणार नाही. शेवटी सावर्ड्याच्या बाजूला, चढावर असलेलं आत्याचं घर ठरलं. महामार्गाने दक्षिणेकडे गेलं की वाशिष्ठीचा पूल लागत नाही.

ती जागा रात्री उघडी असते का? शाळा, मंगल कार्यालय, बँक यांना कुलूप असतं. ठरवायचीच असेल तर नेमकी खूण सांगा, "शाळेत" असं मोघम नको, "शाळेच्या मागच्या फाटकापाशी, पिंपळाखाली" असं.

आता सर्वात महत्त्वाचं. पूर आलेला असताना भेटीच्या जागेकडे निघायचं नाही. पाणी वाढत असताना तुम्ही पक्क्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर असाल तर तीच तुमची जागा. गुडघाभर वाहत्या पाण्यातही माणूस वाहून जातो, आणि उघडं गटार पाण्याखाली दिसत नाही. भेटीची जागा दोनच वेळा उपयोगाची, पाणी चढायच्या आधी किंवा उतरल्यानंतर. हे कार्डावर लिहा, कारण "सगळे वाट बघत असतील" या काळजीने माणसं पाण्यात उतरतात.

चौथी पायरी: घड्याळ ठरवा

जागा ठरली तरी किती वेळ थांबायचं हे ठरलं नसेल तर दोघं एकमेकांना शोधत उलटसुलट फिरत राहतात. आमचा नियम असा आहे. पाणी उतरल्यावर प्रत्येकाने दुसऱ्या जागेवर यायचं. तिथे सकाळी आठ ते दहा आणि दुपारी चार ते सहा कुणी ना कुणी असेल. मधल्या वेळात माणूस औषध, पाणी आणायला जाऊ शकतो. सलग दोन दिवस कुणीच आलं नाही, किंवा गाव रिकामं करायला सांगितलं, तर तिसऱ्या जागेवर. शोधायला जायचंच झालं तर एकानेच जायचं, तेही चिठ्ठी ठेवून.

चिठ्ठीचंही ठरलेलं असावं. शिसपेन्सिलीने लिहायची, शाईपेनाचं ओलीत पुसतं. प्लास्टिकच्या पिशवीत घालून घराच्या जिन्याच्या वरच्या कठड्याला बांधायची, दाराला नाही, दार पाण्याखाली जातं. चिठ्ठीवर तारीख आणि वेळ हवीच. "आम्ही आत्याकडे गेलो" एवढंच वाचून कळत नाही की ते आज गेले की परवा.

फोनलाही घड्याळ लावा. रेंज नसताना फोन सतत टॉवर शोधत राहतो आणि त्यात बॅटरी झपाट्याने संपते. म्हणून तो विमान मोडवर किंवा पूर्ण बंद ठेवायचा, आणि ठरलेल्या वेळीच पाच मिनिटं सुरू करायचा. आमच्या वेळा सकाळी आठ, दुपारी बारा, संध्याकाळी चार, रात्री आठ. लांबच्या माणसानेही त्याच वेळी फोन करायचा. पाच मिनिटांच्या अशा चार वेळा म्हणजे दिवसाला वीस मिनिटं, आणि पूर्ण चार्ज केलेला फोन अशाने दोन-तीन दिवस सहज निघतो.

पाचवी पायरी: मेसेज सत्तर अक्षरांत

एसएमएस इंग्रजी लिपीत एकशे साठ अक्षरांचा असतो. देवनागरीत तो सत्तरचाच. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, मधली मोकळी जागा, सगळं मोजलं जातं. सत्तरच्या वर गेलं की फोन मेसेजचे तुकडे करून पाठवतो, आणि गर्दीत एखादा तुकडा अडकला तर मेसेज अपुरा पोचतो किंवा पोचतच नाही. म्हणून चारच गोष्टी लिहा: कोण, कसे, कुठे, पुढे केव्हा. हा बघा एक:

आई आजी सुखरूप. वरचा मजला. औषध ३ दिवस. पुढे ४ वा.

हे पन्नासच्या आत बसतं. परक्याच्या फोनवरून पाठवत असाल तर आपलं नाव पहिला शब्द म्हणून घाला, नाहीतर मावशीला "आई आजी" कुणाची ते कळणार नाही. "काळजी करू नका" हे शब्द गाळा, जागा खातात. हा नमुना फोनमध्ये आधीच लिहून ठेवा, फक्त आकडे बदलायचे.

इथे एक अडचण सहज लक्षात येत नाही. प्रीपेड पॅक संपलेला असेल तर रेंज असूनही एसएमएस जाणार नाही, आणि गावातली रिचार्जची दुकानं पाण्याखाली असतील. लांबच्या माणसाला सगळ्यांचे नंबर आणि कंपन्या माहीत असतील तर तो नागपुरात बसून रिचार्ज करू शकतो. तरीही जूनच्या सुरुवातीला घरातल्या सगळ्यांचे पॅक कधी संपतात ते पाहून घ्या, आजीचा विशेषतः.

सहावी पायरी: शाळा आणि कामाची जागा

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी कुलाब्याला शंभरही झाला नाही. दक्षिण मुंबईतल्या कचेऱ्यांमध्ये बसलेल्या पालकांना उपनगरात काय चाललंय याची कल्पनाच नव्हती. लोकल बंद, फोन बंद, आणि हजारो माणसं महामार्गांवरून रात्रभर पाण्यातून चालत राहिली. कुणाची मुलं शाळेतच राहिली होती, कुणाची शाळेच्या बसमध्ये अडकली होती.

तुमच्या मुलांच्या शाळेत जाऊन दोन प्रश्न विचारा. पाणी वाढलं तर मुलांना सोडता की ठेवून घेता? आणि पालक आलेच नाहीत तर मूल कुणाच्या ताब्यात देता? ज्यांच्या ताब्यात द्यायचं अशा दोघांची नावं लेखी द्या, त्यातला एक तरी शाळेपासून चालत येण्याइतका जवळ राहणारा हवा. मुलाला सांगा की शाळा ठेवून घेत असेल तर तिथेच थांबायचं, मित्राबरोबर निघायचं नाही. आणि हे तुम्हीही पाळा. मूल पक्क्या शाळेच्या वरच्या मजल्यावर असेल तर त्याला आणायला पाण्यातून जाण्यात धोका तुम्हाला आहे, त्याला नाही. हे सांगणं सोपं आहे, सहन करणं कठीण, म्हणूनच कोरड्या दिवशी नवरा-बायकोने समोरासमोर बसून बोलून ठेवलं पाहिजे.

लांबच्या माणसाची वही

मावशींनी आता एक वेगळी वही ठेवली आहे. पानावर पाच रकाने: वेळ, कुणाचा फोन, कुठे आहे, प्रकृती, पुढचा फोन केव्हा. पाने भरत जातात तसं कोण गहाळ आहे ते आपोआप दिसतं.

आणखी दोन कामं त्यांच्याकडे आहेत. पहिलं, नातेवाइकांना थोपवणं. पहिली खबर येताच त्या घरच्या गटावर टाकतात: "दोघी सुखरूप. त्यांना कुणीही फोन करू नका, पुढची खबर चार वाजता मी देईन." हा एक मेसेज २०२१ ला असता तर आईची बॅटरी वाचली असती.

दुसरं, मदत मागणं. कुणी अडकलंय, लागलंय, किंवा ठरलेल्या दोन वेळा ओलांडून खबर नाही, तर त्या जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला कळवतात. इथे गोंधळ होतो. १०७७ नुसता फिरवला की तो तुम्ही ज्या जिल्ह्यात आहात तिथल्या कक्षात जातो, म्हणजे नागपुरातून नागपूरच्या. म्हणून आपल्या जिल्हाधिकारी कार्यालयातल्या नियंत्रण कक्षाचा पूर्ण नंबर, एसटीडी कोडसह, आधीच लिहून द्या आणि मे महिन्यात एकदा लावून तो चालू आहे का ते बघा. कळवताना पत्ता असा द्या की बोटीतल्या माणसाला सापडेल: इमारतीचं नाव, जवळची मोठी खूण, कितवा मजला, किती माणसं, त्यात म्हातारी किंवा आजारी किती. "बाजारपेठेत, देवळाजवळ" असं सांगितलं तर पाण्यातून ते देऊळ दिसणारच नाही.

एकदा करून बघा

मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी दहा वाजता आम्ही सगळ्यांनी फोन विमान मोडवर टाकले. बाबा दुकानात होते, आई बाजारात, बहीण मैत्रिणीकडे, आजी घरी. अट एकच, परक्याच्या फोनवरून मावशीला कळवायचं आणि चार वाजता दुसऱ्या जागेवर यायचं.

तीन गोष्टी बिनसल्या. बहिणीने मावशीला फोन केला पण मावशींनी उचलला नाही, त्यांच्या फोनमध्ये अनोळखी नंबर आपोआप बंद करणारी सोय सुरू होती. ती आता पावसाळ्याचे चार महिने बंद ठेवतात. आजीला कार्डावरची अक्षरं दिसेनात, तिचं कार्ड आता मोठ्या टाइपात, पोस्टकार्डाएवढं आहे. आणि आई दुसऱ्या जागेवर पोचली, पण पुढच्या फाटकापाशी थांबली, बाबा मागच्या. अर्धा तास दोघं एकाच आवारात होते आणि भेटले नाहीत. त्या दिवशी ऊन होतं, रस्ते कोरडे होते. कार्डावर आता "मागचं फाटक" लिहिलेलं आहे, खाली ठळक रेघ मारून.

दरवर्षी मेच्या शेवटच्या रविवारी आम्ही हे परत करतो. दरवेळी काहीतरी बदललेलं सापडतं: कुणाचा नंबर, कुणाची शाळा, मावशींची सून आता बदलीचा माणूस आहे. यंदा आजीने स्वतःहून नंबर म्हणून दाखवला, पहिल्या खेपेला शेवटचे दोन आकडे उलटे आले, दुसऱ्या खेपेला बरोबर.